बाणावरचे शब्द

विनिताबाईंच्या वर्गात एकदा एका पोराने समुद्रातून आभाळाकडे बाण काढला होता आणि बाणावर लिहिलं होतं, ‘मीठ घेऊन वर जातं’. दुसरी कुणी बाई असती तर लाल पेनने फुली मारून मोकळी झाली असती. विनिताबाई खूश झाल्या. त्या पोराच्या बाकापाशी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मग पावसाचं पाणी खारट का लागत नाही रे?” पोरगं डोकं खाजवत बसलं. शेवटी त्यानेच तो बाण खोडला, मीठ खाली समुद्रातच ठेवलं आणि नुसतं पाणी वर पाठवलं. त्या दिवशी बाईंना घरी जाताना रस्ता कधी संपला ते कळलं नाही.

अलिबागच्या खारेपाटातली ही माध्यमिक शाळा. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला जिताडा माशाची तळी, आणि पलीकडे खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध. विनिताबाई ठाकूर इथल्याच, आगऱ्याच्या घरातल्या. वडिलांनी मिठागरात जन्म काढला, मुलीला मात्र बी.एस्सी., बी.एड. केलं. ती शाळेत विज्ञान शिकवायला लागली तेव्हा गावाला वाटलं, आपलीच पोर, सांभाळून घेईल. बाईंनी काही सांभाळून घेतलं नाही. घोकलेलं उत्तर आलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. “हे पुस्तकाने सांगितलं. तू काय सांगतोस?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न, आणि या प्रश्नाला पोरं जाम घाबरायची.

मग एका प्रशिक्षणातून बाई संकल्पना नकाशा घेऊन आल्या. गोष्ट साधी होती. धड्यातले मुख्य शब्द चौकटीत मांडायचे, मोठी कल्पना वर, बारीक खाली. दोन चौकटींमध्ये बाण काढायचा आणि बाणावर शब्द लिहायचे, म्हणजे चौकट, बाण, चौकट असं वाचलं की एक पुरं वाक्य झालं पाहिजे. बाण कुणीही काढेल, खरी परीक्षा बाणावरच्या शब्दांची. ‘पाणी – उन्हाने होतं – वाफ’ असं पोराने लिहिलं की त्याच्या डोक्यात काय कशाला बांधलेलं आहे ते कागदावर उघडं पडतं. धड्याआधी एक नकाशा, धड्यानंतर दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले की कळायचं, काय जुळलं, काय तुटलं आणि कुठली चुकीची गाठ तशीच राहिली.

पोरांना हा खेळ आवडला. यात चुकलं तरी कुणी ओरडत नव्हतं. बाई फक्त विचारायच्या, “हा बाण कुठून आला?” आणि खरंच ऐकायच्या. क्रांती नावाची एक मुलगी होती, नववीत, बोलायला कमी पण कागदावर भलतीच धीट. तिच्या नकाशात नेहमी एखादा बाण आडवा जायचा, दोन टोकाच्या चौकटी जोडणारा. बरोबर असो वा चूक, तो तिचा स्वतःचा असायचा. बाई तिचा कागद सगळ्यात शेवटी बघायच्या, गोड घास शेवटी ठेवतात तसा.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

हेडमास्तर गावंड सर वाईट माणूस नव्हते. शाळेचं नाव व्हावं एवढीच त्यांची हौस. तालुक्याहून साहेब पाहणीला येणार असं कळल्यावर त्यांनी बाईंना बोलावलं. “हे तुमचं नकाशाचं प्रकरण चांगलं आहे हो. पण दाखवायचं काय? मार्क दिलेत का? नाही ना? मग पालक म्हणतात, बाई वर्गात चित्रं काढून घेतात. या वेळी अंतर्गत गुण यावरच द्या. वीसपैकी. धाराविद्युतचा धडा घ्या.”

बाई म्हणाल्या, विचार करते. विचार कसला करणार, मनातून सुखावल्याच होत्या. इतकी वर्षं स्टाफरूममध्ये ज्याची टिंगल व्हायची, ते आता पाहणीत मांडलं जाणार होतं. त्यांनी रात्री बसून आदर्श नकाशा तयार केला. त्यातल्या प्रत्येक बरोबर वाक्याला एक गुण, आणि दोन शाखा जोडणाऱ्या आडव्या बाणाला जास्त. पोरांचा कागद त्या नकाशाशी ताडून बघायचा. पहिल्यांदा नकाशा फार पसरला. ‘लाकूड’ या चौकटीखाली त्यांनी ‘सुकं’ आणि ‘ओलं’ अशा दोन फांद्या काढल्या होत्या. मग त्यांना वाटलं, यात पोरं गोंधळतील, कुणी काही लिहील, कुणी काही, आणि गुण देताना आपलीच पंचाईत होईल. त्यांनी त्या दोन फांद्या खोडल्या. ‘लाकूड – आहे – विसंवाहक’, म्हणजे वीज जाऊ न देणारं, एवढंच ठेवलं. सुटसुटीत झालं.

पुढे त्यांनी जे केलं ते कुठल्याही मास्तरणीने केलं असतं. पोरं नापास होऊ नयेत म्हणून उजळणीच्या तासाला तो नकाशा फळ्यावर काढून दाखवला, आणि मोठ्या कागदावर उतरवून भिंतीवर लावून टाकला. ज्या नकाशाने शिकवायचं तोच उत्तरपत्रिकाही झाला. हे किती वाईट झालं ते त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही. नाही म्हणायला अल्पेशच्या कागदावर त्या हसल्या होत्या. अल्पेश वर्गातला वात्रट. आडव्या बाणाला जास्त गुण आहेत हे त्याने हेरलं आणि कागदभर आडवे बाण मारले, सगळ्यांवर एकच शब्द, ‘संबंधित’. तार पंख्याशी संबंधित, पंखा तांब्याशी संबंधित, तांबं विसंवाहकाशी संबंधित. बाईंनी त्याला त्या बाणांचे शून्य दिले. बाकी वर्ग उत्तम. क्रांतीला विसापैकी वीस.

क्रांतीच्या कागदावर या वेळी एकही आडवातिडवा स्वतःचा बाण नव्हता. हुबेहूब भिंतीवरचा नकाशा. बाईंच्या ते नजरेत आलं होतं. पण पाहणीला आलेल्या साहेबांनी त्याच कागदाचा मोबाइलवर फोटो काढला, गावंड सरांनी बाईंची पाठ थोपटली, आणि नजरेत आलेलं नजरेतच राहिलं.

पुढच्याच पंधरवड्यात क्रांती तळ्याकाठी पडली.

तिच्या काकाने, हिरामणने, घरापासून तळ्यापर्यंत पंपासाठी वायर ओढून नेली होती. गावात सगळेच नेतात. पावसात खांब कलला आणि वायर सुटून काठाच्या पाण्यात पडली. मासे उलटे होऊन वर यायला लागले. घरी मोठं माणूस कुणी नव्हतं, हिरामण ट्रकवर होता. क्रांती अनवाणी धावली. काठावर एक बांबू पडलेला होता, रात्रभर पावसात भिजलेला. त्यानेच ती वायर बाजूला सारायला गेली. पाय चिखलात, हातात ओला बांबू, आणि खारेपाटातलं पाणी, ज्यात मीठ कधी नसतं असं नाही. शेजारच्या बाईने धावत जाऊन मेन स्विच बंद केला म्हणून पोरगी वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र काढावी लागली.

बाई अलिबागच्या दवाखान्यात गेल्या तेव्हा क्रांती जागी होती. तिची आई मैना खाटेजवळ जमिनीवर बसलेली. बाईंना बघून ती उठली नाही. मैनाच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

“बाई, पोरगी हुशार हाय बोलत होतात ना तुमी? वीसपयकी वीस. मना कागद दाखवलान तिनं. मंग हुशार पोरीचा हात जलला कसा?”

बाईंनी क्रांतीच्या डोक्यावर हात ठेवला. क्रांती म्हणाली, “लाकूड विसंवाहक असतं ना, बाई?”

विचारलं ते इतक्या साधेपणाने, जणू वर्गातच बसली आहे आणि उत्तर पडताळून बघते आहे. खोडलेल्या त्या दोन फांद्या त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. “सुकं असतं तेव्हा, बाळा,” एवढं त्या कसंबसं म्हणाल्या, आणि बाहेर येऊन जिन्यावर बसून रडल्या. येणारेजाणारे बघत होते. बघेनात का.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या त्या एकच गोष्ट डोक्यात घेऊन. क्रांतीचं व्हायचं ते झालं. पण वर्गात आणखी तीसबत्तीस पोरं होती, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या दारात अशीच वायर, असंच तळं. बहुतेकांना वीसच्या आसपास गुण. त्या गुणांखाली कुणाच्या डोक्यात काय दडलं होतं, देव जाणे. ते आता कळलं नाही, तर पुढचा पाय घसरेल तो कुणाचा असेल?

गावंड सरांचं म्हणणं वेगळं पडलं. “अपघात आहे, बाई. वायर कुणी लावली? तिच्या काकाने. तुम्ही उगाच अंगावर ओढून घेऊ नका. वर्गात हा विषय नको. पालक आधीच तापलेत. आणि ते नकाशे तालुक्याच्या प्रदर्शनात पाठवायचेत, लक्षात आहे ना?”

“क्रांतीचा नाही पाठवणार मी.”

“तोच तर मागितलाय त्यांनी.”

बाईंनी सूचनाफलकावरचा क्रांतीचा कागद काढून पर्समध्ये टाकला. सर बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी वर मान करून न बोललेली बाई अशी वागेल असं त्यांना वाटलं नसावं. “याचा जाब द्यावा लागेल,” ते म्हणाले. “देईन,” बाई म्हणाल्या.

भिंतीवरचा मोठा नकाशा त्यांनी उतरवला. पोरांना कोरे कागद दिले. फळ्यावर प्रश्न लिहिला : ‘पडलेल्या तारेमुळे माणसाला शॉक कसा लागतो?’ खाली नुसते शब्द दिले. तार, पाणी, मीठ, बांबू, चिखल, पाय, चप्पल, जमीन. “याला मार्क नाहीत,” त्या म्हणाल्या. “मला फक्त तुम्हाला काय वाटतं ते बघायचंय. चुकलं तरी चालेल.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, जिथे नकाशा नव्हता. तिथे चार खिळ्यांच्या खुणा होत्या. बराच वेळ कुणी काही लिहीना. शेवटी अल्पेशने हात वर केला.

“बाई, बरोबर कंचा ते आदी सांगा ना. मंग काढतो.”

कागद गोळा केले तेव्हा बाईंनी हात टेकले. सगळे सारखे. ‘बांबू – आहे – लाकूड.’ ‘लाकूड – आहे – विसंवाहक.’ चिखल, पाय आणि मीठ बहुतेकांनी कोपऱ्यात सोडून दिलेले, कशालाही न जोडलेले, आगंतुक पाहुण्यासारखे. मैत्रिणीचा हात जळाल्यानंतर लिहिलेले कागद होते हे! पोरांना कळत नव्हतं असं नाही. बाईंना काय हवं असेल तेच ती लिहीत होती. वर्षभर जी पोरं त्यांच्यापुढे बिनधास्त चुकत होती, ती एका परीक्षेत शहाणी झाली होती. आता त्यांच्या डोक्यात डोकावायची खिडकी बंद होती, आणि ती बंद करणारा हात विनिताबाईंचाच होता. त्यांना पोरांचा राग आला, मग सरांचा आला, आणि स्वतःचा आला तो काही जाईना.

त्यांनी पोरांना दाखवायचं ते दाखवलं. प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणला, सुक्या बांबूच्या तुकड्याला लावला, आकडा आला नाही. तोच तुकडा रात्रभर तळ्याच्या पाण्यात भिजवून आणला, आकडा आला. वीज जायला वाट मिळाली म्हणजे काय, ते समजावलं. तारेजवळ जायचंच नाही, बांबू सुका असो वा ओला, आधी मेन बंद करायचा आणि मोठ्यांना हाक मारायची, हेही बजावलं. पोरांनी “हो बाई” म्हटलं. उजळणीच्या तासालाही त्यांनी “हो बाई” म्हटलं होतं. या “हो”वर बाईंचा आता काडीचाही विश्वास नव्हता.

क्रांती शाळेत आली ती हाताला पांढरं बँडेज बांधून, ओढणीखाली हात लपवत. तिला पहिल्या बाकावर जागा करून दिली. कुणी तिच्याशी बोलेना, कुणी तिच्याकडे बघेना. बाईंनी खडू उचलला.

“क्रांती, तुला लिहिता येणार नाही. तू सांग, मी काढते. बांबू उचलताना तुझ्या डोक्यात काय होतं, तेच. पुस्तकातलं नको.”

वर्गाबाहेर गावंड सर येऊन उभे राहिलेले बाईंना दिसले. त्यांनी खडू खाली ठेवला नाही.

क्रांतीने मान खाली घालून सांगायला सुरुवात केली. वायर पाण्यात. पाण्यात मासे. मासे मरतायत. काका वर्षभर जिताड्याला जपतो. बाईंनी चौकटी काढल्या, बाण काढले, बाणांवर तिचेच शब्द लिहिले. मग बांबू. बांबूकडून लाकडाकडे बाण, ‘आहे’. लाकडाकडून ‘शॉक नाही’कडे बाण.

“या बाणावर काय लिहू?” बाईंनी विचारलं.

क्रांतीने मान वर केली. मग म्हणाली, “बाईंनी सांगितलं म्हणून.”

मग बाईंनी ते शब्द फळ्यावर लिहिले, ठळक, शेवटच्या बाकावरून वाचता येतील असे. मागे पानं उलटल्याचा आवाज आला. त्या वळल्या. सगळा वर्ग माना खाली घालून तो नकाशा वहीत उतरवून घेत होता. पट्टीने चौकटी आखत होता. अल्पेशने ‘बाईंनी सांगितलं म्हणून’च्या खाली रेघसुद्धा मारली होती.

“पेनं खाली ठेवा!” बाई ओरडल्या. त्या कधी ओरडत नसत. पोरं दचकली. दाराशी सर एक पाऊल पुढे आले.

सगळ्यांनी पेनं ठेवली. अल्पेशने मात्र फळ्याकडे बघत, जरा चाचरत विचारलं, “बाई, एक विचारू? ओल्या बांबूतनं वीज जाते, ता तुमाला आदीपासून म्हाईत होता?”

“होतं.”

“मंग तुमच्या नकाशात का नव्हता?”

खरं सांगितलं तर बाहेर सर ऐकणार होते, संध्याकाळपर्यंत गाव ऐकणार होतं, मैना ऐकणार होती. खोटं सांगितलं तर हा वर्ग पुन्हा कधी खरं बोलणार नव्हता.

“होतं आधी,” विनिताबाई म्हणाल्या. “‘सुकं’ आणि ‘ओलं’. दोन्ही मी खोडलं. मला वाटलं, तुम्ही गोंधळाल आणि तुमचे मार्क जातील.”

पहिल्या बाकावर क्रांतीने बँडेजवरून डावा हात फिरवला.

“मना उजळणीच्या तासालाच विचारायचं होतं, बाई,” ती म्हणाली. “काका सांगतो, वायरीजवळ भिजल्या लाकडाला हात लावू नको. मना वाटलं, कागदावर तो बाण काढावा. पन भिंतीवर नव्हता ना तो. मना वाटलं, मार्क जातील.”